जमिनीवरची खिडकी

मंचावर खिडकी कुठेच नाही. मागे काळा पडदा, पुढे दोन खुर्च्या आणि एक टेबल. पण जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडलेला आहे आणि त्यात गजांच्या सावल्या आहेत. प्रेक्षकाला कुणी काही सांगावं लागत नाही. डाव्या अंगाला खिडकी आहे, बाहेर ऊन चढतंय आणि हे कुणाचं तरी घर आहे, एवढं सगळं त्या एका चौकोनावरून कळतं. नेपथ्याला लागणारा वेळ, लाकूड आणि टेम्पोचं भाडं वाचतं, हा त्यातला व्यवहार. पण असा चौकोन कधी खरा वाटतो आणि कधी नुसतं जमिनीवर फेकलेलं चित्र वाटतो, याची कारणं मोजता येतात. ती कळली की एका दिव्यात बरंच साधतं.

हा चौकोन पाडणाऱ्या वस्तूला रंगमंचावर गोबो म्हणतात. गोबो म्हणजे तळहातात मावणारी पातळ पोलादी चकती. तिच्यात आकृती कोरून आरपार कापलेली असते. प्रोफाइल स्पॉटमध्ये दिव्याच्या आणि भिंगाच्या मधोमध गेट नावाची फट असते, तिथे ही चकती सरकवतात. दिव्याचा प्रकाश चकतीतल्या भोकांतून जातो आणि पुढचं भिंग त्या आकृतीची मोठी प्रतिमा जमिनीवर उमटवतं. भिंग प्रतिमा उलटी करतं, म्हणून चकती वरची बाजू खाली आणि डावी-उजवी बदलून घालावी लागते. सिनेमावाले कुकी वापरतात, तिच्यात भिंग नसतं. प्लायवूड किंवा फोमच्या मोठ्या फळीला वेडीवाकडी भोकं पाडून ती दिव्यापुढे स्टँडवर उभी केली की तिची सरळ सावली पडते. तिसरी जात संगणकावरची. घराचं चित्र किंवा गेम तयार करताना आभासी दिव्यापुढे एक काळंपांढरं चित्र लावतात, त्यालाही लाइट कुकी हेच नाव आहे. तिन्हींचं काम एकच, प्रकाशाला आकार देणं. नक्कल मात्र सूर्याची करायची असते, म्हणून आधी सूर्य काय करतो ते पाहू.

सूर्य आपल्याला आकाशात बिंदूसारखा दिसत नाही. त्याची थाळी सुमारे अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे उन्हातल्या कुठल्याही सावलीची कड रेघ मारल्यासारखी नसते. गडद सावली आणि पूर्ण ऊन यांच्यामध्ये एक पुसट पट्टा असतो. त्या पट्ट्याची रुंदी एका साध्या हिशेबाने निघते. सावली पाडणारी वस्तू आणि सावली जिथे पडते ती जागा यांच्यातलं अंतर घ्या आणि त्याला साधारण १०७ ने भागा. अंतर १०७ फूट असेल तर कड एक फूटभर पुसट, अंतर एक फूट असेल तर जेमतेम दहावा भाग इंच.

आता एक खिडकी घेऊ. चौकट चार फूट रुंद, साडेचार फूट उंच, खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर, वरची सात फुटांवर. ऊन ४५ अंशांनी उतरतंय आणि खिडकीच्या अगदी समोरून येतंय. मार्चअखेरीस पुण्या-मुंबईकडे साडेनऊ-दहाच्या सुमारास सूर्य तेवढा वर असतो. अशा उन्हाचा चौकोन भिंतीपासून अडीच फुटांवर सुरू होतो आणि सात फुटांवर संपतो. खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत किरणाला साडेतीन फूट जावं लागतं, वरच्या कडेपासून जवळजवळ दहा फूट. म्हणजे भिंतीजवळच्या टोकाला सावलीची कड अर्ध्या इंचाहून कमी पुसट आणि खोलीत आत शिरलेल्या टोकाला इंचाहून जरा जास्त. एकाच चौकोनाच्या दोन टोकांत हा फरक असतो. आपण तो कधी मोजत नाही, पण डोळ्याला तो आयुष्यभर दिसत आलेला असतो.

गजांचं तर याहून पुढचं आहे. अर्धा इंच जाडीचा गज सूर्याला पूर्ण झाकू शकतो तो साधारण साडेचार फुटांपर्यंतच. त्यापलीकडे गज सूर्याच्या थाळीपेक्षा बारीक पडतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी थोडं ऊन डोकावतं आणि त्याच्या सावलीत काळा गाभा उरत नाही. आपल्या खिडकीत गजाचा खालचा भाग जमिनीवर गडद रेघ उमटवतो, वर जाता जाता ती रेघ करडी आणि धुरकट होत जाते. बाजारात मिळणाऱ्या खिडकीच्या गोबोत गज वरपासून खालपर्यंत सारखेच काळे असतात. पोलादाला त्यावाचून गत्यंतर नाही, कारण धातू एक तर प्रकाश अडवतो किंवा सोडतो. मधल्या करड्या छटा हव्या असतील तर काचेचा गोबो लागतो. त्याच्यावर धातूचा अतिपातळ थर कमीजास्त चढवून छटा काढता येतात. तो महाग पडतो आणि बसमधून दौऱ्यावर नेताना जपावा लागतो.

आता रंगमंचाकडे येऊ आणि हीच खिडकी गोबोने पाडू. चौकोनाचा मध्य मंचाच्या जवळपास मध्यावर हवा आहे. दिवा बाजूला, विंगेच्या रेषेत, चौकोनाच्या मध्यापासून १८ फूट दूर आणि १८ फूट उंच टांगला आहे. म्हणजे प्रकाश ४५ अंशांनी उतरेल. दिव्यापासून जमिनीपर्यंतचं तिरकं अंतर साडेपंचवीस फूट. भिंग १९ अंशांचं घेतलं तर तेवढ्या अंतरावर प्रकाशाचं वर्तुळ साडेआठ फूट व्यासाचं होतं. बी आकाराच्या गोबोत आकृतीसाठी ६४.५ मिलिमीटर व्यासाची जागा मिळते. म्हणजे चार फूट रुंदीची खिडकी चकतीवर जेमतेम ३० मिलिमीटर रुंद येणार आणि अर्ध्या इंचाचा गज एक तृतीयांश मिलिमीटरसुद्धा नाही. इतकी बारीक पट्टी दिव्याच्या उष्णतेने वाकण्याचा धोका असतो. म्हणून मी गज थोडे जाड आणि संख्येने कमी घेण्याच्या बाजूचा आहे. आठ गजांऐवजी पाच दाखवले तर प्रेक्षक मोजायला येत नाही.

खरी गफलत इथे पुढे होते. चकतीवर खिडकी काढायची कशी? कारागीर किंवा कॅटलॉग ती समोरून काढतो, चार रुंद आणि साडेचार उंच. ही आकृती ४५ अंशांनी जमिनीवर टाकली की रुंदी चार फूटच राहते, लांबी मात्र ताणली जाऊन सहा फूट चार इंचांच्या आसपास जाते. खऱ्या उन्हाचा चौकोन साडेचार फुटांचा होता. फरक का पडला? कारण सूर्य खिडकीकडे समोरून बघत नाही, वरून तिरका बघतो. ४५ अंशांवरून त्याला साडेचार फूट उंचीची चौकट सव्वातीन फुटांहून किंचित कमी, म्हणजे चपटी दिसते. ती चपटी खिडकी जमिनीवर ताणली गेली की पुन्हा साडेचार फूट होते. तेव्हा चकतीवर सूर्याला दिसते ती खिडकी काढायची. ४५ अंशांसाठी उंची सुमारे ७० टक्के करायची. ऊन ३० अंशांवर हवं असेल, म्हणजे पावणेनऊच्या सुमारासचं, तर उंची ८७ टक्के. तेव्हा दिवाही तेवढा खाली आणावा लागतो आणि जमिनीवरचा चौकोन पावणेआठ फूट लांब होतो. ही लांबी चुकली तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही. पण खुर्चीची सावली एक वेळ सांगते आणि जमिनीवरची खिडकी दुसरीच, हे त्याच्या डोळ्याला खुपतं.

दुसरी अडचण दिव्याच्या जवळ असण्याची. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण खोलीपुरते समांतर मानता येतात. त्यामुळे खिडकीच्या उभ्या गजांच्या सावल्याही जमिनीवर समांतर पडतात. आपला दिवा साडेपंचवीस फुटांवर आहे आणि त्याचे किरण फाकत जातात. चौकोनाची जवळची कड आणि लांबची कड यांच्यापर्यंत प्रकाशाला सारखं अंतर जावं लागत नाही. आपल्या मापांत हिशेब केला तर जवळची कड ४५ इंच रुंद येते आणि लांबची ५१ इंच. चौकोनाचा चक्क पंखा होतो. यावर दोन उपाय आहेत. दिवा आणखी दूर नेऊन अरुंद भिंग लावायचं, जे आपल्या बहुतेक नाट्यगृहांत जागेअभावी जमत नाही. नाहीतर चकतीवरची खिडकीच उलट बाजूने निमुळती कापायची, म्हणजे लांबच्या कडेला ती तेवढ्याच प्रमाणात अरुंद ठेवायची. चकती एकदा गेटमध्ये उलटी बसवून कुठली कड लांब पडते ते चिकटपट्टीने खूण करून घ्यावं आणि मगच कापायला बसावं, कारण उलट्याचं उलटं करताना हमखास गोंधळ होतो.

दिवा जवळ असण्याचा त्रास सिनेमाच्या लोकांनाही होताच. ‘कागज के फूल’ या १९५९ सालच्या चित्रपटातला उन्हाचा तो प्रसिद्ध झोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या मदतीने खरं ऊन स्टुडिओत वळवून आणला होता. आरशाने वळवलेलं ऊन ऊनच राहतं. आरशाआड सूर्य तितकाच दूर असतो, म्हणून किरण फाकत नाहीत. मोठ्यात मोठा दिवा आणला तरी हे समांतरपण त्याला देता येत नाही.

मंचावर एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. जमीन दिव्याला तिरकी असल्याने चौकोनाची एकच कड भिंगाच्या नेमक्या फोकसमध्ये येऊ शकते, दुसरी पुसट होते. बरेच जण मध्यावर फोकस करतात आणि दोन्ही टोकं सारखी विस्कटतात. फोकस जवळच्या कडेवर, म्हणजे मानलेल्या भिंतीकडच्या टोकावर करावा. मग तिथे कड धारदार राहते आणि आत जाता जाता मऊ होते. वर आपण सूर्याचा हिशेब केला त्यातही हेच घडत होतं. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत जास्त परिणाम देणारी आणि एक पैसाही न लागणारी गोष्ट ही आहे. तालमीच्या वेळी चौकोनाच्या जवळच्या कडेवर एक वर्तमानपत्र पसरून ठेवावं आणि गजाची सावली त्यावर स्पष्ट होईपर्यंत भिंगाची नळी पुढेमागे करावी. पांढऱ्या कागदावर धार लगेच दिसते, काळ्या मंचावर ती कळत नाही.

पानांची सावली हे वेगळं प्रकरण आहे. कॅटलॉगमध्ये पानांचे गोबो ढिगाने मिळतात आणि त्यांत पानं अगदी पानांसारखी, टोकदार, देठासकट कापलेली असतात. ती तशीच फोकस करून जमिनीवर टाकली की जमिनीवर पानांचं छापील कापड अंथरल्यासारखं दिसतं. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या झाडाखाली उभं राहून नीट पाहिलं तर जमिनीवर पानांचे आकार जवळजवळ नसतात. असतात ते गोल कवडसे, एकावर एक चढलेले. पानांमधली फट लहान आणि जमिनीपासून दूर असली की ती फट सुईच्या छिद्रासारखी काम करते आणि जमिनीवर फटीचा आकार न उमटता सूर्याची प्रतिमा उमटते. ३० फूट उंचीवरच्या फटीतून ऊन सरळ खाली आलं तर पडणारा कवडसा साधारण साडेतीन इंचांचा गोल असतो, मग फट तिकोनी असो की वेडीवाकडी. ऊन तिरकं असेल तर तो लांबट होतो. याची खातरजमा ग्रहणात होते. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसलं, तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे झाले होते. पानं तीच होती, सूर्याचा आकार बदलला होता.

म्हणून खिडकीबाहेरच्या झाडाची सावली पाडायची तर पानांचा गोबो मुद्दाम फोकसबाहेर न्यावा. भिंगाचं तोंड गोल असल्याने फोकस सुटला की प्रत्येक भोकाची प्रतिमा गोलाईकडे झुकते आणि कवडशांच्या बरीच जवळ जाते. त्यासाठी लहान भोकांचा गोबो चांगला. मोठ्या पानांचा गोबो पुसट केला तर नुसते डाग पडतात. पानांचे आकार ओळखू यावेत अशी सावली फक्त एकाच ठिकाणी खरी असते, ती म्हणजे खिडकीतल्याच कुंडीची किंवा गजांवर चढलेल्या वेलाची. तिथून जमीन चार-पाच फुटांवर असते, कड अर्ध्या इंचाच्या आसपास पुसट, त्यामुळे मनीप्लांटचं पान पान म्हणून दिसतं. दोन्ही एकत्र हवं असेल तर दोन दिवे लागतात आणि तेव्हा एक काळजी घ्यावी. दोन्ही दिवे शेजारी शेजारी टांगावेत, नाहीतर नटाला दोन दिशांना दोन सावल्या पडतात आणि घरात दोन सूर्य उगवतात.

चित्रीकरणात भिंगाचा गोबो न वापरता कुकी लावली तर पुसटपणाचं सूत्र बदलतं, कारण तिथे सूर्याच्या थाळीची जागा दिव्याचं तोंड घेतं. दिव्याच्या तोंडाची रुंदी गुणिले कुकीपासून जमिनीपर्यंतचं अंतर, भागिले दिव्यापासून कुकीपर्यंतचं अंतर. दिवा जमिनीपासून १५ फुटांवर आहे आणि त्याचं तोंड दहा इंचांचं आहे असं धरू. कुकी दिव्यापासून तीन फुटांवर उभी केली तर कड ४० इंच पुसट होते, म्हणजे आकृती पूर्ण विरघळते. नवख्या युनिटमध्ये हे नेहमी घडतं. कुकी दिव्याला चिकटवतात, काहीच उमटत नाही आणि मग दिवा बदलायची धावपळ सुरू होते. तीच कुकी दिव्यापासून १२ फुटांवर, जमिनीपासून तीन फुटांवर आणली की कड अडीच इंचांवर येते. मात्र तिथे फळी मोठी लागते आणि ती कॅमेऱ्याच्या चौकटीत डोकावते. म्हणून बहुतेक वेळा दिवाच शक्य तितका मागे नेतात. जागा नसेल तर दिव्याचं तोंड लहान करतात. अनुभवी माणसं फळीऐवजी खरी फांदी तोडून स्टँडला बांधतात, कारण फांदीची काही पानं पुढे, काही मागे असतात. त्यामुळे काही सावल्या धारदार आणि काही मऊ पडतात आणि हलकासा हात लावला की सगळी पानं वेगवेगळी हलतात. फळी हलवली तर सगळी भोकं एकत्र सरकतात आणि सोंग उघडं पडतं.

चौकोन बिनचूक उतरला तरी एक उणीव राहू शकते, ती चौकोनाबाहेर असते. खऱ्या खोलीत जमिनीवर ऊन पडलं की ती जमीन स्वतः एक दिवा होते. तिथून उसळलेला प्रकाश छताला, भिंतीच्या खालच्या भागाला, उन्हाजवळ बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली पोहोचतो. लाल कोबा असेल तर तो प्रकाश तांबूस असतो, पांढरी फरशी असेल तर पांढरा. मंच काळा असतो, तो काहीच परत देत नाही. त्यामुळे चौकोन उजळतो आणि त्याच्या शेजारी बसलेला नट अंधारात राहतो. उपाय असा की चौकोनाच्या बाजूने, खालून, अगदी मंद आणि मऊ असा एक दिवा नटावर टाकायचा, चौकोनाइतक्याच उबदार रंगाचा. शूटिंगला हेच काम जमिनीवर ठेवलेलं पांढरं थर्माकोल करतं. उरलेल्या खोलीला मात्र किंचित निळसर जिलेटिन लावावं, कारण खिडकीतून उन्हाबरोबर आकाशाचाही प्रकाश येतो आणि तो निळा असतो. हा मंद दिवा डिमरवर चौकोनाच्याच चॅनेलला जोडला तर ढग येऊन गेल्याचा प्रसंगसुद्धा एका कळीवर होतो.

संगणकावर घरांची चित्रं करणाऱ्यांची संख्या आता आपल्याकडे मोठी आहे. बांधकाम व्यावसायिकाच्या माहितीपत्रकातला जो दिवाणखाना असतो, त्यातलं ऊनही असंच पाडलेलं असतं. तिथे खिडकीचे गज त्रिमितीत उभे केलेले असतील आणि सूर्याच्या दिव्याची कोनीय रुंदी ०.५३ अंश ठेवली असेल तर कुकीची गरजच नाही. सगळा हिशेब संगणक स्वतः करतो. ब्लेंडरमध्ये सन लाइटच्या `Angle` या रकान्यात तो आकडा असतो. तिथे कुणी मोठा आकडा टाकला की गज धुक्यात जातात, शून्य टाकला की ब्लेडने कापल्यासारखे दिसतात. कुकी लागते ती बाहेरच्या झाडाची हजारो पानं उभी करणं परवडत नाही तेव्हा, किंवा गेममध्ये, जिथे प्रत्येक चित्र क्षणाच्या काही भागात तयार व्हावं लागतं.

युनिटीमध्ये काळंपांढरं चित्र आणून त्याचा `Texture Type` हा `Cookie` करतात आणि दिव्याच्या `Cookie` या रकान्यात ते बसवतात. स्पॉटलाइटसाठी त्या चित्राची सगळ्या बाजूंची कड पूर्ण काळी असावी लागते. कडेला एक जरी पांढरा ठिपका राहिला तरी तो बाहेरच्या बाजूला लांब पट्ट्यासारखा ओढला जातो. सूर्यासारख्या दिशादर्शक दिव्याला लावलेली कुकी मात्र पुन्हा पुन्हा जुळवली जाते, त्यामुळे मोठ्या खोलीत तेच पानांचं झुबकं ठरावीक अंतराने दिसायला लागतं. चित्राचं आकारमान मोठं करून आणि झुबक्यांत एकही ठळक, लक्षात राहणारा आकार न ठेवून ते लपवता येतं. कुकीतला पुसटपणा चित्रातच पुसलेला असतो, अंतरानुसार तो आपोआप बदलत नाही. म्हणून खिडकीचं चित्र काढतानाच भिंतीकडची बाजू धारदार ठेवून दुसऱ्या बाजूकडे ते हळूहळू पुसट करावं, आणि त्याच ओघात गजही करडे करत न्यावेत. पोलादी गोबोत जी छटा निघत नव्हती ती इथे फुकट मिळते.

संगणकावरच्या खोट्या उन्हाची एक हुकमी खूण आहे. टेबलाखाली पाहावं. दिव्याच्या सावल्या बंद ठेवलेल्या असतील तर खिडकीची आकृती टेबलावरही पडते आणि टेबलाच्या आरपार जाऊन खालच्या फरशीवरही पडते. चालत्या गेममध्ये हे सहज निसटतं, स्थिर चित्रात मात्र ते गिऱ्हाइकाच्याही लक्षात येतं. सावल्या सुरू केल्या की दोष जातो, मात्र संगणकावर भार वाढतो. तेवढ्यासाठी खोलीतले बाकीचे दिवे बिनसावलीचे ठेवावेत, पण कुकीवाला दिवा कधीही ठेवू नये.

एकांकिका करणाऱ्या मंडळींसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तयार गोबोवर खर्च करण्याआधी जवळच्या छापखान्यातून वापरलेली ऑफसेट प्लेट मागून आणा. ती पातळ ॲल्युमिनियमची असते, धारदार कटरने आणि पोलादी पट्टीवर नीट कापली जाते. नाटकातला प्रहर आधी ठरवा, दिवा कुठे टांगायला मिळणार ते नाट्यगृहात जाऊन मोजा आणि मग सूर्याला दिसेल तशी, चपटी आणि निमुळती खिडकी तिच्यावर काढा. बंद भोक कापताना मधला तुकडा सुटून पडू नये म्हणून त्याला बारीक पट्ट्यांनी बाहेरच्या भागाशी जोडून ठेवा. खिडकीत या पट्ट्या म्हणजे गजच असतात, त्यामुळे ती अडचण इथे येत नाही. हॅलोजनच्या स्पॉटमध्ये अशी चकती तापून हळूहळू वाकते, म्हणून प्रयोगाला दोन जास्तीच्या कापून ठेवा आणि बदलताना चिमटा किंवा चामड्याचे हातमोजे वापरा. दिवा बंद केल्यावरही गेट काही मिनिटं हात भाजेल इतकं तापलेलं असतं.